खोलीवाटपाच्या तक्त्यात ‘किट पोहोचले’ असे दिसते, पण पाहुण्यांना किट मिळालेलेच नसते: कारण आणि दुरुस्ती

लग्नासाठी मुक्कामी येणाऱ्या पाहुण्यांच्या खोल्या आणि त्यांना द्यावयाचे स्वागताचे सामान यांचा एकत्र तक्ता करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एक अडचण कधी ना कधी येते. तक्त्यात सर्व खोल्यांपुढे ‘पोहोचले’ अशी खूण असते, कोठीत उरलेल्या सामानाची मोजदादही बरोबर येते, आणि तरीही रात्री उशिरा एखाद्या कुटुंबाकडून निरोप येतो की त्यांच्या खोलीत काहीच ठेवलेले नाही. तेवढ्यापुरती धावपळ करून सामान पोहोचवले जाते, चूक वाटणाऱ्या मुलांच्या माथी मारली जाते, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुटुंबाच्या बाबतीत तेच घडते. माझ्या अनुभवात या चुकीचे मूळ वाटणाऱ्यांच्या निष्काळजीपणात फार क्वचित असते. बहुतेक वेळा ते तक्त्याच्या रचनेत असते, आणि ती रचना बदलेपर्यंत अडचण पुन्हा पुन्हा येत राहते.

नेहमीच्या तक्त्यात प्रत्येक खोलीला एक ओळ असते. पहिल्या रकान्यात खोली क्रमांक, दुसऱ्यात कुटुंबाचे नाव, तिसऱ्यात माणसे, आणि पुढे ‘स्वागताची पिशवी’, ‘भेटपेटी’, ‘मुलांचे पाकीट’ असे खुणांचे रकाने. खोल्या ठरल्या तशाच राहिल्या तर हा तक्ता उत्तम चालतो. प्रत्यक्षात खोल्या ठरल्या तशा राहत नाहीत. कोणाला जिना चढवत नाही, कोणाला भावाच्या शेजारची खोली हवी असते, कोणाच्या खोलीतले गरम पाणी बंद असते. खोली बदलली की तक्ता सांभाळणारा माणूस नावाचा रकाना बदलतो आणि खुणा जागच्या जागी राहतात. त्या क्षणापासून तक्ता खोलीविषयी खरे आणि कुटुंबाविषयी खोटे बोलू लागतो.

माझ्या पुतणीच्या लग्नात निवासाची जबाबदारी माझ्याकडे होती, आणि तिथे हे इतक्या स्वच्छपणे घडले की तोच प्रसंग तपशिलाने मांडतो. एकूण ३८ कुटुंबे आणि ५२ खोल्या होत्या. २७ कुटुंबांना एकेक, ८ कुटुंबांना दोन-दोन आणि ३ मोठ्या कुटुंबांना तीन-तीन खोल्या दिल्या होत्या. स्वागताची पिशवी प्रत्येक खोलीत एक ठेवायची होती. तिच्यात पाण्याच्या बाटल्या, कार्यक्रमपत्रिका, संपर्काची चिठ्ठी आणि किरकोळ औषधांचे पाकीट होते. भेटपेटी मात्र प्रत्येक कुटुंबाला एकच, आणि ती कोणा मोठ्या माणसाच्या हाती द्यायची होती. पिशव्या ५५ आणि पेट्या ४० आणल्या होत्या, म्हणजे तीन पिशव्या आणि दोन पेट्या जादा होत्या.

माझी आत्या तिच्या नातवाबरोबर आदल्या संध्याकाळीच आली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या ३१२ क्रमांकाच्या खोलीत उतरली. पिशवी खोलीत होती, पेटी तिच्या हाती दिली गेली, आणि ३१२ च्या ओळीत दोन्ही खुणा झाल्या. सकाळी गुडघ्याचा त्रास वाढल्यामुळे तिला तळमजल्यावरची १०८ क्रमांकाची खोली द्यायचे ठरले. ती खोली मधल्या काकांसाठी राखलेली होती, पण ते रात्री येणार होते. तक्त्यात दोन नावांची अदलाबदल झाली. आत्याने आपली पिशवी आणि पेटी सोबत खाली नेली, कारण ती तिचीच होती. १०८ मध्ये काकांसाठी ठेवलेली पिशवी आधीपासून होतीच.

दुपारी पेट्या वाटणाऱ्या मुलाने तक्ता पाहिला, तेव्हा १०८ समोर आत्याचे नाव होते आणि पेटीचा रकाना रिकामा होता. त्याने पेटी नेली, नातवाने दारात घेतली आणि कपाटात ठेवून दिली, आणि १०८ समोरही खूण झाली. रात्री काका ३१२ मध्ये उतरले. त्यांच्या नावापुढे पिशवीची खूण होती, पेटीचीही होती, आणि खोलीत दोन्ही नव्हते.

त्या रात्री कोठीत ३ पिशव्या आणि २ पेट्या शिल्लक होत्या. ५५ वजा ५२ म्हणजे ३ आणि ४० वजा ३८ म्हणजे २, असा हिशोब तंतोतंत जुळत होता. मी स्वतः तो दोनदा तपासला आणि काकांच्या मुलाला सांगितले की पिशवी तुमच्याच खोलीत असेल, नीट पाहा. हे वाक्य मी बोलायला नको होते, कारण एका कुटुंबाकडे दुप्पट गेले आणि दुसऱ्याकडे काहीच गेले नाही तरी बेरीज जुळतेच.

म्हणूनच निदान करताना पहिला प्रश्न ‘बेरीज जुळते का?’ हा असावा, पण त्याच्या उत्तराचा अर्थ नीट लावावा. बेरीज जुळत असूनही तक्रार येत असेल, तर जवळजवळ नेहमीच नाव आणि खूण यांची फारकत झालेली असते. असे एकतर वरच्यासारख्या अदलाबदलीने होते, किंवा कोणीतरी फक्त नावांचा एक रकाना निवडून तो अकारविल्हे लावल्यामुळे होते. गूगल शीट्समध्ये निवडलेल्या भागापुरती मांडणी करणारी `Sort range` आणि संपूर्ण पानाची मांडणी करणारी `Sort sheet` अशा दोन वेगळ्या आज्ञा आहेत. पहिली वापरताना एकच रकाना निवडलेला असेल तर नावे हलतात आणि बाकीचे सगळे जागेवर राहते. फारकतीच्या या दोन कारणांमधला फरक ओळखणे सोपे आहे. अदलाबदलीमुळे चूक असेल तर तक्रारी जोडीने येतात, म्हणजे एकाकडे कमी आणि दुसऱ्याकडे जास्त. रकाना एकटाच हलला असेल तर जवळजवळ प्रत्येक नाव चुकीच्या खोलीपुढे दिसते, आणि कोणतीही दोन ओळखीची कुटुंबे तपासली की ते ध्यानात येते.

बेरीज जुळत नसेल, तर तुटवडा किती आहे हा आकडा पाहावा, कारण तो स्वतःच कारण सांगतो. आमच्याकडे खोल्या ५२ आणि कुटुंबे ३८, म्हणजे फरक १४ चा. दोन खोल्यांच्या ८ कुटुंबांमुळे ८ आणि तीन खोल्यांच्या ३ कुटुंबांमुळे ६ असे मिळून हे १४ होतात. पेट्यांचा तुटवडा चौदाच्या आसपास असता, तर पेट्या कुटुंबागणिक न देता खोलीगणिक दिल्या गेल्या असा थेट निष्कर्ष निघाला असता. एकदोन नगांचा फरक मात्र बहुधा नोंद न करता हाती दिलेल्या वस्तूंचा असतो. येता-जाता कोणीतरी कोठीतून ‘एक द्या हो’ म्हणून पिशवी नेलेली असते.

आता दुरुस्तीकडे येतो. मूळ तत्त्व एवढेच आहे की खोली हा कुटुंबाचा त्या वेळचा पत्ता आहे, आणि पत्ता बदलला म्हणून मिळालेले सामान बदलत नाही. त्यामुळे ‘दिले’ ही नोंद खोलीच्या ओळीत नसावी. त्यासाठी एका तक्त्याऐवजी तीन पाने करावी लागतात. ऐकायला हे काम मोठे वाटते, पण पन्नास खोल्यांसाठी ते अर्ध्या-पाऊण तासात होते.

पहिल्या पानाचे नाव ‘कुटुंबे’. यात प्रत्येक कुटुंबाला एकच ओळ आणि एक संकेतांक असतो, जसे क-०१, क-०२. मग त्या कुटुंबाला कितीही खोल्या असोत. `A` रकान्यात संकेतांक, `B` मध्ये नाव, `C` मध्ये माणसे, `D` मध्ये अपेक्षित पिशव्या, `E` मध्ये अपेक्षित पेट्या, आणि `F` व `G` मध्ये अनुक्रमे पिशव्या व पेट्या किती द्यायच्या बाकी आहेत ते. संकेतांकाची सुरुवात अक्षराने करण्यामागे कारण आहे. नुसता आकडा लिहिला की संगणक कधी त्याला संख्या समजतो, कधी मजकूर, आणि शोध घेताना ती दोन वेगळी मूल्ये ठरतात. अक्षराने सुरू होणारा संकेतांक सर्वत्र मजकूरच राहतो.

दुसरे पान ‘खोल्या’. `A` मध्ये खोली, `B` मध्ये संकेतांक, `C` मध्ये ‘केव्हापासून’ आणि `D` मध्ये ‘केव्हापर्यंत’. खोली बदलली तर जुनी ओळ खोडायची नाही किंवा तिच्यातले नावही बदलायचे नाही. जुन्या ओळीच्या `D` रकान्यात वेळ लिहायची आणि खाली नव्या खोलीची नवी ओळ जोडायची. ज्या ओळीचा `D` रिकामा आहे ती चालू ओळ. आत्यांच्या बाबतीत ३१२ च्या ओळीत सकाळची वेळ पडली असती आणि खाली १०८ ची नवी ओळ आली असती. काकांच्या बाबतीत याच्या उलट झाले असते, आणि रात्री कोणालाही हा बदल दोन ओळींत दिसला असता.

तिसरे पान ‘नोंद’, आणि सर्वांत महत्त्वाचे तेच. प्रत्येक वेळी वस्तू हातातून सुटली की इथे एक ओळ वाढते. `A` मध्ये वेळ, `B` मध्ये संकेतांक, `C` मध्ये त्या वेळची खोली, `D` मध्ये वस्तू, `E` मध्ये नग, `F` मध्ये कशी दिली आणि `G` मध्ये कोणी दिली. वस्तू परत आली तर जुनी ओळ पुसायची नाही, नग उणे लिहून नवी ओळ करायची. या पानावर फक्त भर घालायची, खाडाखोड करायची नाही, हा नियम मी सर्वांना आधीच सांगतो आणि त्याला अपवाद ठेवत नाही. पुसलेल्या ओळीतून काय झाले होते ते पुन्हा कळत नाही, आणि रात्री अकराला तेच तर शोधायचे असते.

‘कुटुंबे’ पानावर पेट्यांची बाकी काढण्यासाठी `G2` मध्ये हे सूत्र लिहावे आणि खाली शेवटच्या कुटुंबापर्यंत ओढावे:

```
=E2-SUMIFS('नोंद'!E:E,'नोंद'!B:B,A2,'नोंद'!D:D,"भेटपेटी")
```

उत्तर शून्य आले तर हिशोब पूर्ण झाला. एक आले तर पेटी द्यायची बाकी आहे, आणि उणे एक आले तर एक जास्त गेली आहे. पिशव्यांसाठी अपेक्षित संख्या हाताने लिहू नये, कारण ती खोल्यांवर अवलंबून आहे. `D2` मध्ये चालू खोल्या मोजाव्यात:

```
=COUNTIFS('खोल्या'!B:B,A2,'खोल्या'!D:D,"")
```

`F2` मध्ये वरचेच वजाबाकीचे सूत्र येते, फक्त `E2` च्या जागी `D2` आणि वस्तूच्या जागी “पिशवी” लिहायचे. ही सूत्रे गूगल शीट्स आणि एक्सेल दोन्हींत चालतात.

शेवटी पानाच्या वर एका चौकटीत बाकीच्या रकान्याची बेरीज न घेता, शून्य नसलेली कुटुंबे मोजावीत. ३८ कुटुंबांसाठी ते असे होते:

```
=COUNTIF(G2:G39,"<>0")
```

आमच्या त्या रात्री बेरीज घेतली असती तर आत्यांचे उणे एक आणि काकांचे एक मिळून शून्य आले असते, आणि सर्व काही ठीक दिसले असते. हे सूत्र मात्र २ दाखवते, आणि रकान्यात डोळा फिरवला की कोणती दोन कुटुंबे ते लगेच कळते. बेरीज आणि ही मोजणी यांतला फरक लक्षात ठेवावा. या साऱ्या मांडणीत एकच गोष्ट उचलायची असेल, तर ती ही उचलावी असे मी म्हणेन.

या रचनेतही काही ठिकाणी पाय घसरतो. पाहुणे परतीला निघाले की ‘खोल्या’ पानावर त्यांच्या ओळीत ‘केव्हापर्यंत’ भरण्याचा मोह होतो. तसे केले की चालू खोल्यांची संख्या शून्य होते आणि पिशव्यांची बाकी अचानक उणे दिसू लागते, जणू त्यांना जास्त सामान गेले आहे. म्हणून `D` रकाना फक्त खोली बदलण्यासाठी राखावा आणि रवाना झालेल्यांसाठी वेगळा रकाना ठेवावा. दुसरा प्रश्न वेगवेगळ्या कुटुंबांतल्या तरुण मुलांनी एकच खोली घेतली की येतो. ती खोली दोन संकेतांकांपुढे लिहिली तर तिची पिशवी दोनदा अपेक्षित धरली जाते. अशा खोलीला स्वतंत्र संकेतांक द्यावा, तिच्या अपेक्षित पेट्या शून्य लिहाव्यात, आणि त्या मुलांची पेटी त्यांच्या घरच्या संकेतांकावरच राहू द्यावी.

सूत्र बरोबर असूनही एखाद्या कुटुंबाची बाकी हटत नसेल, तर बहुधा दोष टंकलेखनात असतो. ‘क-०७’ आणि शेवटी मोकळी जागा पडलेले ‘क-०७’ डोळ्यांना एकच दिसतात, पण संगणकाला नाहीत. तसेच एकाने फोनवर ‘क-०७’ असे देवनागरी अंकांत लिहिले आणि दुसऱ्याने दुसऱ्या कळफलकावरून ‘क-07’ लिहिले, तर दुसरी नोंद कोणत्याच कुटुंबाच्या नावावर जमा होत नाही. ‘भेटपेटी’ आणि ‘भेट पेटी’ यांचेही तेच. यावर शुद्धलेखनाची सूचना देऊन उपयोग होत नाही. संकेतांक आणि वस्तू या दोन्ही रकान्यांवर `Data validation` लावून यादीतूनच निवड करता येईल असे करावे, म्हणजे चुकीचे लिहिताच येत नाही. हे आधी केले नसेल, तर अनाथ नोंदी शोधण्यासाठी ‘नोंद’ पानावर मोकळ्या `H` रकान्यात हे सूत्र लिहून खाली ओढावे:

```
=IF(B2="","",COUNTIF('कुटुंबे'!A:A,B2))
```

जिथे शून्य दिसेल, ती नोंद कोणाच्याच खात्यावर गेलेली नाही.

एवढे झाले तरी कागदावरची शिस्त दारावर टिकली पाहिजे, आणि ती टिकवण्यासाठी दोन गोष्टींचा मला सर्वांत अधिक उपयोग झाला. पहिली म्हणजे पिशवीच्या आणि पेटीच्या चिठ्ठीवर कुटुंबाचे नाव व संकेतांक ठळक लिहावा, आणि खोली क्रमांक लिहायचाच असेल तर पेन्सिलीने लिहावा. चिठ्ठीवर खोली क्रमांकच ठळक असेल, तर वाटणारा माणूस त्या दारापर्यंत जाऊन सामान ठेवून येतो, मग आत कोणीही असो. नाव ठळक असेल, तर दार उघडणाऱ्याला तो सहज विचारतो, आणि चूक तिथेच सापडते. आमच्या वाटणाऱ्या मुलाच्या हातात नाव असलेली पेटी असती, तर आत्यांच्या नावाची दुसरी पेटी मुळात कोठीत नसल्याचे त्याला तिथेच कळले असते. जादा ठेवलेल्या पेट्यांना मात्र चिठ्ठी लावू नये आणि त्या वेगळ्या कपाटात ठेवाव्यात, म्हणजे त्या नकळत वाटल्या जात नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘नोंद’ पानाच्या `F` रकान्यात ‘खोलीत ठेवली’ आणि ‘हाती दिली’ असे दोनच पर्याय ठेवावेत आणि त्यांत कधीही गल्लत करू नये. पाहुणे येण्याआधी खोलीत ठेवलेली पिशवी अजून कोणालाही मिळालेली नसते, ती फक्त वाट पाहत असते. खोली बदलायची ठरली की तक्त्यात काही लिहिण्याआधी ‘खोलीत ठेवली’ अशी कोणती नोंद त्या खोलीवर आहे ते पाहावे आणि एका माणसाला ते सामान प्रत्यक्ष नव्या खोलीत हलवायला पाठवावे. आमच्या प्रसंगात आत्यांना १०८ ची किल्ली देण्याआधी तिथली पिशवी ३१२ मध्ये नेऊन ठेवली असती, तर तक्ता कसाही असता तरी निदान पिशवीचा घोळ झाला नसता. सामान आधी, नोंद नंतर आणि किल्ली शेवटी, असा क्रम मी तेव्हापासून पाळतो.

समारंभ चालू असताना जुन्याच तक्त्यात घोळ झालेला आढळला, तर काय करायचे हा प्रश्न उरतो, आणि बहुतेकांना मदत हवी असते ती नेमकी तेव्हाच. अशा वेळी सर्व खोल्यांची दारे ठोठावत फिरू नये. बावन्न खोल्यांत फिरण्यात दोन-तीन तास जातात, पाहुण्यांना अवघडल्यासारखे होते, आणि तोवर आणखी एखादी खोली बदललेली असते. चूक फक्त हललेल्या कुटुंबांमध्ये असते, त्यामुळे आधी ती शोधावीत. गूगल शीट्समध्ये `File` मधल्या `Version history` खाली सकाळचा तक्ता जसा होता तसा उघडता येतो. त्यातला खोली आणि नाव हा भाग नव्या पानावर उतरवून आत्ताच्या तक्त्याशेजारी ठेवावा, आणि ज्या ओळींत नाव वेगळे आहे तेवढ्याच निवडाव्यात. एकाच चौकटीविषयी शंका असेल तर तिच्यावर उजवी कळ दाबून `Show edit history` मधून कोणी आणि केव्हा बदल केला ते दिसते. मात्र ओळ नवी घातली किंवा पूर्ण काढून टाकली असेल, तर ते तिथे दिसेलच असे नाही, म्हणून आवृत्त्यांची तुलनाच अधिक भरवशाची. तक्ता कागदावर असेल तर निवासाच्या ठिकाणच्या स्वागतकक्षात किल्ल्या दिल्याची नोंदवही असते, ती मागून घ्यावी. खोल्या कधी आणि कोणाला बदलून दिल्या ते तिच्यात असते.

आमच्याकडे अशा तुलनेतून बावन्नांपैकी सहा ओळी निघाल्या, म्हणजे तीन अदलाबदली आणि सहा कुटुंबे. त्यांपैकी दोन अदलाबदली सामान वाटायच्या आधीच झाल्या होत्या आणि तिथे सर्व बरोबर होते. तिसरी आत्या आणि काकांची. विचारताना मी काकांकडे गेलो नाही, आत्यांकडे गेलो. ज्याला मिळाले नाही त्याला ‘तुम्हाला मिळाले का?’ असे दुसऱ्यांदा विचारणे बरे दिसत नाही, आणि ज्याच्याकडे जास्त आहे त्याला विचारले तर उत्तर लगेच मिळते. “आत्या, खोलीत भेटपेट्या किती आहेत गं?” एवढे विचारताच तिने नातवाला हाक मारली, आणि कपाटातून दोन पेट्या निघाल्या.

आत्याने एक पेटी परत देऊ केली, पण मी ती घेतली नाही. पाहुण्याच्या हातात एकदा गेलेली भेट परत मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, मग ती चुकून का गेलेली असेना. जादा ठेवलेल्या दोन पेट्या याच कामासाठी होत्या. त्यातली एक आणि एक पिशवी घेऊन मी स्वतः ३१२ मध्ये गेलो, काकांच्या हाती दिली आणि दिरंगाईबद्दल त्यांची क्षमा मागितली. “मघाशी मुलाला ‘नीट पाहा’ म्हणालो, ती माझी चूक होती, काका,” एवढे सांगितल्यावर ते हसले आणि त्यांनी बसवून घेतले.

मग त्या रात्रीच तीन पाने तयार केली. जुन्या तक्त्यातल्या खुणा ‘नोंद’ पानावर उतरवताना त्या आंधळेपणाने उतरवल्या नाहीत. न हललेल्या कुटुंबांच्या खुणा जशाच्या तशा घेतल्या आणि वेळेच्या रकान्यात ‘जुना तक्ता’ असे लिहिले. हललेल्या सहा कुटुंबांच्या नोंदी मात्र प्रत्यक्ष विचारून लिहिल्या. आत्यांच्या संकेतांकावर पेटीच्या दोन ओळी पडल्या, एक ३१२ मध्ये आणि एक १०८ मध्ये, दोन्ही ‘हाती दिली’. काकांच्या संकेतांकावर रात्रीची एक ओळ पडली. १०८ मध्ये राहिलेली काकांची मूळ पिशवी आत्यांच्या नावावर लिहिली, कारण ती तिथेच वापरली गेली होती.

आत्यांच्या ओळीत पेटी आणि पिशवी दोन्हींची बाकी उणे एक दिसत राहिली, आणि वरच्या चौकटीत शून्याऐवजी १ राहिला. सोबतच्या भाच्याने विचारले की तिथे दुरुस्तीची ओळ घालून ते शून्य करून टाकू का. मी नको म्हणालो. प्रत्यक्षात एक नग जास्त गेला होता आणि तक्त्याने तेच सांगायला हवे होते. त्या चौकटीवर `Insert note` वापरून ‘खोली बदलताना दुसरी पेटी व पिशवी गेली, परत घेतलेली नाही’ अशी टीप लिहिली. कोठीत आता पेटी १ आणि पिशव्या २ उरल्या होत्या. ४० वजा ३९ आणि ५५ वजा ५३, दोन्ही हिशोब नोंदींशी जुळले. दुसऱ्या दिवशी आणखी दोन कुटुंबांनी खोल्या बदलल्या. दोन्ही वेळा जुन्या ओळीत वेळ लिहिली, खाली नवी ओळ जोडली, आणि वरच्या चौकटीतला १ हलला नाही.